कागद संपला तिथे वळलेली सोंड: हत्तीच्या चित्राची आठवड्याभराची नोंद

भाचीने (वय वर्षं पाच) क्रेयॉनने काढलेला हत्ती डिजिटल करायला घेतलाय. आडवा ए-फोर कागद, निळी बाह्यरेषा, आत जांभळा रंग, चार पाय एका रांगेत, त्यातला चौथा काडीसारखा. सोंड उजवीकडे जाते आणि कागदाची कड सेंटिमीटरभर उरली की सरळ वर वळते. सोंडेतून पिवळं पाणी उडतंय. पाणी पिवळं का, ते विचारू नका.

स्कॅन ६०० डीपीआयवर केलं, म्हणजे साधारण ७०१६ बाय ४९६० पिक्सेल. मोबाईलने फोटो काढला असता तर कागदाची एक बाजू किंचित लहान आली असती, आणि इथे मला प्रमाण जसंच्या तसं हवंय. स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद ठेवा. मी पहिल्यांदा ती चालू ठेवली आणि कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात तिने अर्धं पाणी पुसून टाकलं. पांढऱ्यावर फिकट पिवळं डोळ्यालाही नीट दिसत नाही. पण स्कॅनचा नुसता निळा चॅनल बघितला तर पिवळं तिथे गडद दिसतं. तसं बघितल्यावर थेंब मोजता आले: एकवीस. मला आधी नऊच दिसले होते.

रेषा गिरवायला बसले आणि पहिले दोन दिवस वाया गेले. हत्ती तोच, पण बघताक्षणी कळत होतं की हा मोठ्या माणसाने काढलाय. मी क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यातलं स्टॅबिलायझर चालू राहिलं होतं, ते बंद केलं. त्याने रेषा गुळगुळीत व्हायची थांबली, पण आता ती थरथरायला लागली. मूळ रेषेची डुगडुग ही नव्हेच! दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक कळला. भाचीच्या रेषेतली लाट लांब आहे. पाठीवर एक बाक आणि पुढचा बाक यांत दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर आहे, कारण तिचा अख्खा हात हलतोय. माझ्या रेषेत मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर दाते होते, कारण मी भरपूर झूम करून नुसत्या बोटांनी मुंगीच्या पावलाने गिरवत होते.

उपाय सोपा निघाला: कागदावर एक सेंटिमीटर असेल तिथे पेनही एक सेंटिमीटरच हलला पाहिजे. साध्या ९६ पीपीआयच्या पडद्यावर ६०० डीपीआयचं चित्र खऱ्या आकारात बघायचं तर झूम १६ टक्के लागतो. पण माझा टॅबलेट बिनपडद्याचा, त्याची रुंदी २५ सेंटिमीटर आणि पडद्याची ५०. म्हणजे हात एक सेंटिमीटर सरकला की बाण दोन सरकतो. म्हणून झूम दुप्पट, ३२ टक्के. पडदा आणि टॅबलेट दोन्ही पट्टीने मोजा आणि आपला आकडा काढा. यानंतर कोपर टेबलावरून उचललं आणि प्रत्येक रेघ एका दमात ओढली. चुकली तर अनडू करून पुन्हा अख्खी. मध्येच जोडकाम केलं की लगेच दिसतं.

एका दमात ओढायची तर ती कुठून सुरू झाली हे ठाऊक हवं. ते क्रेयॉनच सांगतो. सुरुवातीला मेणाचा दाबलेला ठिपका असतो, शेवटी रेघ विरत जाते किंवा सटकन पुढे पळते. शिवाय खडू झिजत जातो. शेपटीपाशी रेघ अडीच मिलिमीटर आहे, सोंडेपर्यंत चार. म्हणजे हत्ती मागून पुढे काढलाय. म्हणूनच चौथा पाय बारीक: पोटाखालची जागा पहिल्या तिघांनी खाल्ली. मी ब्रश शेपटीपाशी ६० पिक्सेल ठेवला आणि वाढवत सोंडेला ९५ केला. ब्रशचा आकार पेनच्या दाबावर सोडला नाही. बोथट खडू दाबला तरी रेघ फारशी रुंद होत नाही, गडद होते. म्हणून दाब फक्त गडदपणाला जोडला.

आता प्रमाण. चौथा पाय मी तीन वेळा काढला आणि तिन्ही वेळा तो मुळापेक्षा जाड आला. मुद्दाम नव्हे, हात आपोआप ‘सुधारतो’. शेवटी कॅनव्हास उलटा फिरवला, पाय वर आणि पाठ खाली. मग तो पाय राहिला नाही, नुसता आकार झाला, आणि पहिल्या फटक्यात बरोबर बसला. तपासायला मूळ स्कॅन वर ठेवून त्याचं ब्लेंडिंग डिफरन्सवर टाकते. जिथे दोन्ही जुळतात तिथे काळं, जिथे सरकलंय तिथे उजळ कड. अर्ध्या रेषेइतकं सरकणं मी चालवून घेते. पायांच्या रुंदीत आणि डोळ्याच्या जागेत मात्र नाही.

सगळ्यात मोठी घोडचूक सोंडेची. चौकट ऐसपैस दिसावी म्हणून मी कॅनव्हास उजवीकडे चार सेंटिमीटर वाढवला. झालं, सोंड कारण नसताना काटकोनात वळलेली दिसायला लागली. तिच्या वळणाचं कारण म्हणजे कागदाची कड, आणि ती मी काढून टाकली होती. कॅनव्हास पुन्हा ए-फोर केला. समास हवाच असेल तर चित्राबाहेर वेगळ्या रंगाचा ठेवायचा, म्हणजे कड दिसत राहते.

रंगाचं काम अजून चाललंय. पोटाची रेघ सुरुवातीला येऊन मिळत नाही, शेपटीवर आठ मिलिमीटरची फट आहे. तिथून फिल टूलचा रंग बाहेर सांडतो. फट बुजवू नका, चित्राचा निम्मा जीव तिच्यात आहे. वेगळ्या लेयरवर तात्पुरती रेघ मारून रंग भरला आणि ती लेयर लपवली. पण सपाट जांभळा रंग स्टिकरसारखा दिसत होता. म्हणून स्कॅनची एक प्रत घेऊन `Color to Alpha` ने तिच्यातला पांढरा काढला. उरला तो मेणाचा दाणा आणि त्यातल्या मोकळ्या जागा. तो दाणा सपाट रंगावर मास्क म्हणून लावला, पण खाली पांढरा कागद न ठेवता त्याच जांभळ्याची फिकट छटा ठेवली. आता रंग भरीव दिसतो आणि खडू कुठल्या दिशेने घासलाय तेही दिसतं. पाठीबाहेर गेलेले जांभळे फटकारे हाताने तसेच काढले, सगळे सात.

काल भाचीला दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मावशी, डोळा पुसलास?”

तिने डोळ्यावर आधी काळा आणि मग पिवळा खडू घासला होता. पिवळ्याने खालचं काळं ओढत नेलं आणि शेवाळी डाग झाला. मी तो घाण समजून साफ केला होता.

“आणि हा पाय असा बारीक का गं?” मी विचारलं.

“जागाच नव्हती.”

डोळा परत करतेय. दोन लेयर एकमेकांवर मल्टिप्लाय केल्या तर तो डाग फार स्वच्छ येतो, त्याला ओढल्याच्या खुणा हव्यात. आज स्मज ब्रशने पिवळा काळ्यावरून तिरका ओढून बघितला. रंग जवळपास जुळला, पण कडा अजून फार मऊ आहेत.