शेवटच्या फेरीतली जोडणी: आमची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, आमच्या घराच्या पडवीत सुरू झालेला क्रोशाचा व्यवसाय पहिली काही वर्षे रुमाल, थाळीवरची झाकणे आणि टेबलक्लॉथ यांच्यावरच चालला. या वस्तूंसाठी आम्ही गोल मोटिफ वेगवेगळे विणून पूर्ण करत असू आणि शेवटी सुईदोऱ्याने एकमेकांना शिवत असू. टेबलावर पसरून ठेवायच्या वस्तूला ही पद्धत चालून जाते. नागपूर आणि अमरावतीच्या दुकानांतून जाळीदार टॉप व जॅकेट यांची मागणी येऊ लागली, तेव्हा मात्र शिवलेल्या जोडांची अडचण समोर आली. शिवण जिथून जाते तिथे कापडाच्या उलट बाजूला कडक रेघ उमटते, ती अंगाला टोचते, आणि मोटिफचा दोरा ताणला जात असताना शिवणीचा दोरा ताणला जात नसल्यामुळे कपडा अंगावर नीट झुलत नाही. त्यामुळे आम्ही मोटिफ विणता विणताच, म्हणजे त्याची शेवटची फेरी चालू असताना, शेजारच्या मोटिफला जोडत जाण्याची पद्धत स्वीकारली. आमच्या कामाची विभागणीही पुढे याच पद्धतीभोवती बसत गेली.

आमच्याकडे सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या बिनबाह्यांच्या टॉपचा मोटिफ उदाहरणादाखल घेतो. मध्यम जाडीचा सुती दोरा आणि अडीच मिलीमीटरची सुई वापरून गोल चकती विणली जाते आणि तिची शेवटून दुसरी फेरी अठ्ठेचाळीस खांबांची असते. शेवटच्या फेरीत एका खांबावर मुका खांब, मग पाच साखळ्या, दोन खांब सोडून पुन्हा मुका खांब, असे करत गेले की सोळा कमानी तयार होतात. चौकोनी मांडणीत प्रत्येक मोटिफला चार शेजारी असतात आणि प्रत्येक शेजाऱ्याला लागून असलेल्या दोन कमानी जोडल्या जातात. म्हणजे आठ कमानी जोडीच्या आणि त्यांच्या मधल्या दोन-दोन मिळून आठ मोकळ्या राहतात. हा हिशेब ज्या बाईच्या तोंडी बसला, तिला पुढे कागदावरची आकृती फारशी लागत नाही.

प्रत्यक्ष जोड असा होतो. दोन साखळ्या घालायच्या, सुईवरचा फास सोडायचा, शेजारच्या मोटिफच्या कमानीखालून सुई सुलट बाजूकडून घालून तो सोडलेला फास पकडायचा, कमानीतून ओढून वर आणायचा आणि उरलेल्या तीन साखळ्या घालून पुढचा मुका खांब विणायचा. साखळ्या पाचच राहतात, फक्त मधला फास शेजाऱ्याच्या कमानीतून गेलेला असतो. फास न सोडता, दोन साखळ्यांनंतर शेजारच्या कमानीत स्लिप स्टिच घालून पुन्हा दोन साखळ्या घेण्याची पद्धतही प्रचलित आहे आणि ती जलद होते. पण त्या जोडाची गाठ एका बाजूला उठून दिसते. अंगाला लागणाऱ्या कपड्यात आम्ही ती टाळतो. सुई साखळीच्या धाग्यात खुपसायची नाही, पूर्ण कमानीखालूनच घालायची, हा आमचा नियम आहे. धाग्यात सुई गेली तर दोऱ्याचे पदर फाटतात, आणि पुढे कधी उसवायची वेळ आली तर तो जोड सोडवता येत नाही.

नव्या बाईचा गोंधळ बहुधा कमानींच्या क्रमात होतो. उजव्या हाताने विणणाऱ्याची फेरी सुलट बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. शेजारी ठेवलेले दोन्ही मोटिफ त्याच दिशेने फिरत असल्यामुळे सामाईक कडेवर त्यांच्या कमानी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने धावतात. म्हणून नव्या मोटिफची त्या कडेवरची पहिली कमान शेजाऱ्याच्या आधी विणलेल्या कमानीला नव्हे, नंतर विणलेल्या कमानीला भेटते. जोड उलटासुलटा झाला तर दोन कमानी एकमेकींवर फुली मारून बसतात. ते लगेच ओळखू येते, कारण जोडलेल्या दोन चकत्या मेजावर सपाट पडत नाहीत, एक बाजू उचललेली राहते. आम्ही प्रत्येक मोटिफची पहिली बाजू जोडून झाली की कापड मेजावर टाकून पाहायला सांगतो, कारण तिसरी बाजू झाल्यावर ते कळले तर उसवण्याचे काम बरेच वाढते.

मोजमाप घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकटा मोटिफ धुऊन, टाचण्यांनी ताणून वाळवला तर त्याचा व्यास सव्वाआठ सेंटीमीटरच्या आसपास येतो. पण जोडल्यावर तो कापडात जेवढी जागा व्यापतो ती साधारण आठ सेंटीमीटर भरते, कारण जोड कमानीच्या टोकावर नसून मध्यरेषेच्या थोडा दोन्ही बाजूंना होतो आणि चकत्या किंचित जवळ सरकतात. म्हणून आम्ही एक मोटिफ मोजत नाही. दोन बाय दोन असे चार जोडून, धुऊन, वाळवून, एका मध्यबिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजतो. छत्तीस इंच छातीच्या म्हणजे साधारण एक्याण्णव सेंटीमीटरच्या मापाला बारा मोटिफचे वर्तुळ शहाण्णव सेंटीमीटर भरते, आणि ही सैल जागा पुरेशी होते. अडतीस इंचांसाठी तेरा मोटिफ घ्यावेत असे प्रथम वाटते, पण तेव्हा पुढचा आणि मागचा भाग सारखा वाटला जात नाही. त्यामुळे बारा मोटिफ कायम ठेवून सुई पावणेतीन मिलीमीटरची घेतो. मोटिफ साधारण साडेआठ सेंटीमीटरचा होतो आणि वर्तुळ एकशे दोनवर जाते. कमानीतल्या साखळ्या वाढवून माप वाढवायचे झाले तर पाचाच्या सात कराव्या लागतात, कारण मधली साखळी जोडासाठी हवी असल्याने संख्या विषम ठेवणे सोयीचे असते. पण त्याने मोटिफ एकदम बराच वाढतो आणि जाळीही मोकळी पडते.

टॉप खालून वर, नळीसारखा जोडला जातो. पहिल्या ओळीत प्रत्येक नवा मोटिफ फक्त मागच्याला जोडायचा. बारावा मात्र एका बाजूने अकराव्याला आणि दुसऱ्या बाजूने पहिल्याला. त्याआधी पट्टी पिळली गेलेली नाही हे सुलट बाजू हाताने फिरवून तपासावे लागते. दुसऱ्या ओळीपासून बहुतेक मोटिफ दोन बाजूंना जोडले जातात आणि ओळीतला शेवटचा तीन बाजूंना. चार ओळी अशा पूर्ण झाल्या की काखेत दोन्ही बाजूंचा एकेक मोटिफ वगळून पाठीला पाच आणि पुढे पाच ठेवतो. पुढे गळ्यासाठी सहाव्या ओळीत पुढच्या बाजूचे मधले तीन आणि सातव्या ओळीत दोन्ही बाजूंचे मधले तीन मोटिफ वगळले जातात, आणि सातव्या ओळीतले पुढचे दोन मोटिफ विणताना त्यांची वरची कड पाठीच्या दोन मोटिफना खांद्यावर जोडली जाते. एकूण एकोणसत्तर मोटिफ लागतात आणि कुठेही शिवण येत नाही.

चार मोटिफच्या मध्ये जी पोकळी राहते, तिच्याभोवती प्रत्येकी दोन अशा आठ मोकळ्या कमानी येतात. ती उघडी ठेवली तर उन्हाळी जॅकेटला शोभते, टॉपमध्ये मात्र आम्ही ती तारकेने भरतो. सहा साखळ्यांचे कडे करून त्यात मुका खांब, तीन साखळ्या, मोकळ्या कमानीत स्लिप स्टिच, तीन साखळ्या, असे आठ वेळा करून ते बंद होते. साखळ्या कमी पडल्या तर चारही मोटिफ मध्यभागी ओढले जाऊन तिथे वाटीसारखा खळगा पडतो. तसे दिसले तर कापड ताणून चालत नाही, चार साखळ्यांनी पुन्हा विणावे लागते.

कामाच्या वाटणीविषयी आता थोडे सविस्तर लिहितो. सोयाबीनची सोंगणी आणि त्यामागून कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या बाया वावरात असतात आणि विणकाम मंदावते. त्याआधी, पावसाळ्यात, त्या घरी बसून मोटिफ करून ठेवतात, पण शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंतच. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस उद्योगातही फुले विणणाऱ्या बाया वेगळ्या आणि ती जोडणाऱ्या वेगळ्या असतात. आमची विभागणी शेवटच्या फेरीपाशी होते एवढाच फरक आहे. निरनिराळ्या हातांच्या आतल्या फेऱ्यांत थोडा फरक असला तरी तो धुतल्यावर निभावून जातो, शेवटच्या फेरीतला ताण मात्र जोडाला लगेच वाकवतो. म्हणून एका कपड्याची सर्व शेवटची फेरी एकाच बाईच्या हातची असते. घरून आलेली चकती पुठ्ठ्यात कापलेल्या भोकावर ठेवून पाहिली जाते. ती सहा सेंटीमीटर आठ मिलीमीटरच्या जवळपास असावी, दोन मिलीमीटरपेक्षा अधिक फरक असलेली बाजूला काढली जाते. दोरा मात्र चकतीपाशी तोडायचा नसतो. एका नमुन्याची शेवटची फेरी उसवून किती दोरा लागतो ते मोजले आणि त्यात वीतभर वाढवून तेवढे शेपूट ठेवायला सांगितले, फास सेफ्टीपिनमध्ये अडकवायला सांगितला. दोरा तोडून पुन्हा जोडला असता तर प्रत्येक मोटिफमागे लपवायची आणखी दोन टोके वाढली असती, आणि मर्सराइज्ड दोऱ्याची टोके निसरडी असल्याने तीच पहिल्यांदा बाहेर येतात.

खांद्याकडे आम्ही विशेष लक्ष देतो. प्रत्येक खांद्यावर एकच मोटिफ आणि त्याचे दोनच जोड असल्यामुळे अख्ख्या टॉपचे वजन चार जोडांवर तोलले जाते, आणि सुती जाळी स्वतःच्या वजनाने खाली लांबते. त्यामुळे गळा आणि काखेभोवती मुक्या खांबांच्या दोन घट्ट ओळी घातल्या जातात; खांद्याच्या जोडावर त्या दोन्ही कडांनी आधार देतात. लांबी ठरवताना कपडा मेजावर मोजण्याऐवजी रात्रभर हँगरवर टांगून सकाळी मोजतो, आणि वाळवणे सावलीतच करतो, कारण आमच्याकडच्या उन्हात रंगीत दोरा लवकर फिका पडतो.

जोडलेला कपडा फाटला तर काय करावे हा प्रश्न दुकानदार नेहमी विचारतात. खराब झालेला मोटिफ कात्रीने कापून काढला, तर त्याला नंतर जोडलेल्या शेजाऱ्यांच्या कमानी जशाच्या तशा मोकळ्या होतात, कारण त्यांच्या साखळ्या फक्त त्याच्या कमानीतून गेलेल्या असतात. आधीच्या शेजाऱ्यांच्या कमानीही अखंड राहतात. त्याच्याभोवतीच्या भरणाच्या तारकाही काढाव्या लागतात. मग नवा मोटिफ घेऊन त्याची शेवटची फेरी चारही बाजूंना, आठ कमानींत जोडत न्यायची, आणि वर तारका भरायच्या. त्यासाठी प्रत्येक टॉपच्या दोऱ्याच्या त्याच गठ्ठ्यातले दोन अपूर्ण मोटिफ, शेपटासकट, चिठ्ठी लावून आम्ही डब्यात ठेवतो, कारण वेगळ्या वेळी रंगवलेल्या गठ्ठ्यातला दोरा नंतर जुळत नाही. जुना टॉप धुवून फिका झालेला असेल तर हे मोटिफही आधी तितकेच धुवून घेतले जातात, आणि तरीही छटा उठून दिसत असेल तर ग्राहकाला तसे सांगून मगच दुरुस्ती घेतली जाते.