मिरे-जिऱ्याचं पातळ रसम, खेप चौथी: फेस येईपर्यंतच

मागच्या तीन खेपांत एकच तक्रार होती: रसम घशाला तिखट लागतं, पण वाटी नाकाशी नेली की काहीच नाही. या खेपेला मसाला तोच ठेवला, फक्त आचेकडे लक्ष दिलं. तमिळ घरातल्या मिळगु रसमच्या पद्धतीने, चार जणांसाठी.

चिंच १० ग्रॅम, २०० मिली कोमट पाण्यात भिजवून कोळ गाळून घेतला. पिकलेले दोन मध्यम टोमॅटो हातानेच कुस्करले. मिक्सरमधून काढले तर रसम गढूळ होऊन साराकडे झुकतं. मिरे एक चमचा, जिरे दीड चमचा, लसणाच्या तीन पाकळ्या. हे न भाजता खलबत्त्यात भरड कुटलं, तेही अगदी शेवटी, पहिला टप्पा गॅसवर असताना. तूरडाळ दोन मोठे चमचे, मऊ शिजवून घोटून २५० मिली पाण्यात पातळ केली.

पहिल्या टप्प्यात उकळी हवीच. कोळ, टोमॅटो, ३०० मिली पाणी, हळद, मीठ आणि चार कढीपत्त्याची पानं घालून मध्यम आचेवर १० मिनिटं. चिंचेचा कच्चा वास इथेच गेला पाहिजे, कारण पुढे तो घालवायची संधी नाही. चमच्यावर घेऊन बघायचं: आंबट टोक बोथट झालेलं असेल तर पुढे जायचं. मागच्या खेपेत हा टप्पा पाच मिनिटांत आटोपला होता, म्हणून कचवटपणा राहिला आणि तो घालवायला शेवटी सगळंच उकळलं गेलं. चुकीचं मूळ तिथे होतं.

मग आच मंद करून डाळीचं पाणी आणि कुटलेला मसाला घातला, आणि लगेच ते दोन सारख्या पातेल्यांत निम्मं-निम्मं केलं.

पहिलं पातेलं मंद आचेवर, न ढवळता. तीन-चार मिनिटांत कडेने बारीक पिवळसर फेस धरू लागला, मग तो मध्याकडे सरकला आणि सगळं एकदम वर उचललं गेलं. बुडबुडे फुटायच्या आधी, त्या क्षणाला गॅस बंद, वर कोथिंबीर, झाकण. फेस येतो तो मुख्यतः डाळीच्या पाण्यामुळे. डाळ न घालता केलं तर फेस नावालाच येतो, तेव्हा कडेची थरथर आणि पहिली वाफ हीच खूण.

दुसरं पातेलं उघडंच आठ मिनिटं खळखळ उकळलं, आणि आटलेलं पाणी गरम पाण्याने भरून काढलं, म्हणजे दाटपणामुळे फरक पडला असं म्हणायला नको. या आठ मिनिटांत स्वयंपाकघरात इतका सुरेख वास सुटला की हेच जास्त जमलंय असं वाटावं. तो वास पातेल्यातून निघून चालला होता.

फोडणी घालायच्या आधी दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. पहिलीला मिऱ्याचा ताजा, थोडा लिंबासारखा वास आणि मागून जिरे. दुसरीला शिजलेल्या टोमॅटोचा वास, जिरे अगदी पुसट. तिखटपणा मात्र दोन्हींत जवळपास सारखा. कारण साधं आहे. मिऱ्याचा तिखटपणा पिपरीनचा, ते वाफेबरोबर उडत नाही. वास असतो उडनशील तेलांचा. त्यांचा स्वतःचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा बराच वर असला तरी उकळत्या पाण्याची वाफ त्यांना सोबत घेऊन जाते. मिऱ्याचं तेल काढणारे नेमकं हेच करतात, फक्त ते वाफ थंड करून तेल गोळा करतात. म्हणूनच वास गेलेल्या रसमात वरून उकळताना आणखी मिरे घातले की ते फक्त जास्त झोंबतं.

आपल्याकडे आमटी चांगली उकळली की तिला चव येते, ही हाताची सवय इथे आड येते. रसम हाताळायचं कढीसारखं: कढी उकळली तर फुटते म्हणून आपण जपतो, इथे वासासाठी जपायचं.

फोडणी शेवटी: एक चमचा तूप, मोहरी, एक सुकी मिरची, चिमूटभर हिंग, कढीपत्ता. ओतली की लगेच झाकण, दहा मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्यात भरड खाली बसते. नुसतं प्यायला वरची निवळ घ्यायची, भातावर घ्यायचं तर पळी तळापर्यंत नेऊन.

उरलेलं पूर्ण पातेलं पुन्हा तापवू नये. हवं तेवढंच वेगळं काढून वाफ दिसेपर्यंत गरम करायचं आणि गॅस बंद केल्यावर ताज्या कुटलेल्या मिरे-जिऱ्याची चिमूट टाकून दोन मिनिटं झाकायचं. पहिल्यासारखं होत नाही, पण नाकाला कळण्याइतकं परत येतं. पुढच्या खेपेला डाळ वगळून हेच करायचं आहे, फेसाची खूण नसताना गॅस कधी बंद करायचा ते पक्कं करायला.