पेर कुठवर बुडवायचं

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा मुलगा, हातात कुकरचा डबा. "काकू, बघा ना हे." बघते तर भात कसला, नुसता गिच्च गोळा. त्याचं म्हणणं एकच, वाटी तीच, दोन वाट्या पाणीही तेच, शिट्ट्या तेवढ्याच, मग गेल्या आठवड्यापर्यंत छान मोकळा होणारा भात आज असा का? म्हटलं तांदूळ तोच आहे का, तर म्हणे हो, कोलमच. फक्त दुकानातला संपला म्हणून बाबांनी घरून पाठवलेला काढला. घर कुठे, तर पालघरकडच्या वाड्याला. आणि आत्ता जानेवारी चालू आहे, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला कापून झोडलेला, नुकता गिरणीतून आलेला ताजा वाडा कोलम, त्याला हा वर्षभर मुरलेल्या तांदळाचं पाणी घालतोय. होणारच की गोळा.

मी त्याला दोन्ही तांदूळ घेऊन ये म्हटलं, जुन्याचे मूठभर दाणे तळाशी उरले होतेच. शेजारी शेजारी ठेवले की कळतं, नवा पांढरा आणि जरा काचेसारखा, जुन्यावर थोडी पिवळट झाक. दाताखाली धरला तर जुना कट्कन तुटतो, नवा त्या मानाने मऊ चिरडतो. धुतलं तर नव्याचं पाणी बराच वेळ गढूळ येत राहतं. असं डोळ्यांनी, दातांनी बघायची सवय आजीमुळे लागली.

आजीच्या माजघरात दोन पिंपं असायची, एकात गेल्या वर्षीचा तांदूळ, एकात यंदाचा, आणि यंदाच्याला कोणी हात लावायचा नाही. अपवाद सणाची खीर, आजाऱ्याला मऊ भात आणि मोदकाची पिठी. तिथे चिकटपणाच हवा असतो ना, जुन्या तांदळाच्या उकडीला चिरा जातात. रोजच्या जेवणाला मात्र जुना. पाणी मापायला तिच्याकडे वाटी नव्हतीच. तांदूळ धुवून पातेल्यात सपाट करायचे, मधलं बोट तांदळाच्या वर नुसतं टेकवायचं, आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी. तिचं वाक्य ठरलेलं, "नव्याला पेर आखूड, जुन्याला पेरावर दोन रेघा." मला तेव्हा वाटायचं हे काय मोजमाप, आजोबांचं बोट केवढं, माझं केवढं, आणि पातेलं लहान असो की मोठं, भात दोघांचा असो की पंक्तीचा, पेर आपलं तेच! मामा तर मुद्दाम चिडवायचा की मी माझं बोट बुडवलं तर पेज होईल.

पण ते पेर बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते मला फार उशिरा, मसालेभात करताना उमगलं. भाताच्या पाण्याचे दोन भाग असतात. एक तांदूळ पितो ते, दुसरं वाफेवाटे उडून जातं ते. तांदूळ दुप्पट केला की पिणारं पाणी दुप्पट होतं, पण उडणारं होत नाही, ते पातेल्याचं तोंड केवढं, झाकण कसं बसतंय आणि गॅसवर किती वेळ आहे यावर ठरतं. माझ्या पातेल्यात नवा कोलम वाटीला साधारण दीड वाटी पितो आणि अर्धी वाटी उडते, म्हणून एकाला दोन. आता चार वाट्या तांदूळ घेतले तर हिशोबाने आठ वाट्या पाणी घालतात लोक, आणि मग पाहुण्यांसमोरच नेमका भात आसट कसा झाला म्हणून कपाळाला हात लावतात. चार वाट्या पिणार सहा, उडणार ती तीच अर्धी, फार तर पाऊण. म्हणजे पावणेसातच्या वर जायचं काम नाही. आजीचं पेर हेच करत होतं, तांदळाच्या फटींत भरणारं पाणी तांदळाबरोबर वाढायचं, वरचा पेरभर थर तेवढाच राहायचा. पाकिटावर छापलेल्या "एकास दोन" वर माझा राग आहे तो यासाठी.

आणि जुन्या-नव्याने फरक पडतो तो मुख्यतः पहिल्या भागात, तांदूळ पितो त्या पाण्यात. ठेवून ठेवून दाणा आतून घट्ट होत जातो, मग तो शिजायला वेळ घेतो, पाणी जास्त पितो, फुलतो जास्त, आणि त्याचं पिठूळ बाहेर कमी येतं, म्हणून शितं एकमेकांना धरत नाहीत. नव्याचं उलट, चटकन मऊ पडतो आणि पिठूळ पाण्यात सोडतो, तेच खळीसारखं सगळ्यांना चिकटवतं. त्या बदल्यात नव्याला वास असतो, जुना आंबेमोहोर मोकळा होतोही एक वेळ, पण वासाला तितकासा राहत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही बहुतेक.

तर या मुलाचा कुकर. कुकरातल्या झाकलेल्या डब्यातून वाफ उडून फारसं काही जात नाही, उलट वरून थेंब पडतात, त्यामुळे तिथे जवळजवळ पिण्यापुरतंच पाणी. जुन्या कोलमाला वाटीला दोन, सव्वादोन चालतं, त्याच्या नव्याला दीड. म्हणजे अर्धी वाटी पाणी फुकट डब्यात बसलं, ते जाणार कुठे? मी त्याच्याकडून लगेच करून घेतला. नवा तांदूळ भिजत नाही घालायचा, भिजवणं जुन्यासाठी. स्वच्छ धुवून चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवला, मग चमचाभर तुपावर दाणे हाताला सुटे लागेपर्यंत मंद परतला, दीड वाटी पाणी, दोन थेंब लिंबू. कुकर आपोआप उतरेपर्यंत शिट्टी उचलायची नाही आणि झाकण काढल्यावर लगेच चमचा घालायचा नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. दहा मिनिटं तसाच राहिला की वरचा ओलावा जिरतो, शितं जरा आवळतात, मग कडेने उलथनं घालून हलक्या हाताने उलटायचा. गरम असताना ढवळला तर कसलाही जुना असो, लगदा होतो.

झाला मोकळा. जुन्यासारखा फडफडीत नाही, नव्याला तेवढं जमत नाही, पण शीत न् शीत वेगळं. (आमच्या घरी यावर वरण ओतून सगळं कालवून टाकतात ही गोष्ट वेगळी. मोकळ्या भाताचा आग्रह वाढण्यापुरताच.)

डबा घेऊन निघताना मी सहज म्हटलं, बाबांना सांग, पुढच्या वर्षी थोडा जुना ठेवलेला पाठवा. तर हसला. म्हणाला, "आमच्याकडे जुना नसतोच काकू. झोडला की महिन्याभरात व्यापारी नेतो, मजुरीचे, सोसायटीच्या कर्जाचे पैसे द्यायचे असतात ना. घरी खायला ठेवतो तो पावसाळ्यापर्यंत संपतो." म्हणजे तो मोकळा जुना कोलम तो इथे दुकानातून, नव्यापेक्षा जास्त भाव देऊन विकत घेत होता. वर्षभर तांदूळ नुसता ठेवून द्यायला ज्याला परवडतं, त्यालाच त्या वर्षाचे पैसे मिळतात.

मी काहीच बोलले नाही. त्याचा भात गार होत होता, जा म्हटलं, जेवून घे.