ग्रीन रूम ते स्टेज: कॉन्फरन्समधले व्हॉलंटिअरचे दोन दिवस

दोन दिवसांच्या एका टेक कॉन्फरन्सला व्हॉलंटिअर म्हणून जाऊन आले. अर्जात कोणतं काम आवडेल असं विचारलं होतं. बरेच जण नोंदणीचं टेबल मागतात, पण तिथे सकाळभर बॅज वाटायची झुंबड असते आणि कुणाशी धड बोलणं होत नाही. मी सेशन रनरचं काम मागून घेतलं. पायथन प्रोग्रामिंगच्या पायकॉन यूएस कॉन्फरन्समध्येही हे काम याच नावाने असतं. वक्त्याला ग्रीन रूममधून घ्यायचं आणि वेळेत हॉलपर्यंत पोचवायचं, एवढंच.

पहिल्याच वक्त्या बाईंना चालता चालता मी त्यांच्या विषयावर प्रश्न विचारला. त्या "हो, हो" म्हणाल्या, पण लक्ष कुठेच नव्हतं. मनातल्या मनात सुरुवातीची वाक्यं घोळवत होत्या. मला फार वाईट वाटलं. भाषणाआधी फक्त उपयोगाचं बोलावं: पाणी कुठे ठेवलंय, वेळेच्या पाट्या दाखवणारा कुठे बसलाय, प्रश्नांना किती मिनिटं आहेत.

वीस मिनिटं आधी निघा, कारण घोळ स्टेजवरच होतात. या बाईंच्या नोट्स चक्क पडद्यावर दिसायला लागल्या. लॅपटॉपवर दोन्हीकडे एकच चित्र जात होतं. Win + P दाबून Extend निवडलं, तेव्हा नोट्स त्यांच्यापुरत्या राहिल्या. मग माईकमधून टकटक ऐकू येऊ लागली. गळ्यातला बॅज कॉलर माईकवर आपटत होता. बॅज काढून माझ्या हातात घेतला आणि आवाज थांबला. तेव्हापासून मी प्रत्येकाचा बॅज आधीच मागून घ्यायचे.

खरं बोलणं परतीच्या वाटेवर होतं. भाषण संपल्यावर माणूस मोकळा होतो आणि त्याला कुणाशी तरी बोलायचंच असतं. "मागच्या रांगेत ऐकू येत होतं ना?" बाईंनी विचारलं. येत होतं. मग मी भाषणासाठी आयोजकांना पाठवायच्या प्रस्तावाबद्दल विचारलं. हाच विषय त्यांनी आधी दोनदा पाठवला होता, दोन्ही वेळा नकार आला. तिसऱ्या वेळी कोणत्या मुद्द्याला किती मिनिटं, ते सगळं लिहून दिलं. आधीच्या प्रस्तावात विषय दिसत होता, भाषण दिसत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. ग्रीन रूमपर्यंतच्या दहा मिनिटांत त्यांनी मला माझ्या प्रस्तावाचा कच्चा आराखडाच करून दिला.

आयोजक मात्र दिवसभर हाती लागत नाहीत, त्यांना अडवूही नका. शेवटच्या दिवशीची आवराआवरीची शिफ्ट मागा. वायरी गुंडाळता गुंडाळता आमच्या मुख्य आयोजकांनी सांगितलं, की ऐनवेळी एखादा वक्ता गळतोच, म्हणून ते दोन-तीन राखीव भाषणं तयार ठेवतात. प्रस्ताव वाचणारे कमी पडतात, हेही त्यांच्याच बोलण्यात आलं. मी तिथेच नाव दिलं.

एक सांभाळा: शिफ्ट लागतील तिथे भाषणं हुकणार. जे ऐकायचंच आहे, त्याची वेळ अर्जातच कळवून ठेवा.