संदर्भसूचीतली एक ओळ आणि पाच आठवडे

माझ्या प्रबंधाची संदर्भसूची एकवीस पानांची आहे. पुस्तकं, गॅझेटियर, सरकारी अहवाल, नियतकालिकं हे सगळं आठवडाभरात मार्गी लागलं. एकोणीस प्रबंधांचा छोटासा विभाग होता, त्याने मात्र दोन महिने घेतले, आणि त्यातले पाच आठवडे एकाच नोंदीत गेले. सबमिशन होऊन महिना झाला तरी तो राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

माझा विषय आठवडी बाजारांचा आहे. तिसऱ्या प्रकरणातला एक मुद्दा बाजारकराच्या वसुलीवर उभा आहे. त्यासाठीचं अवतरण मी मूळ प्रबंधातून घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या एका संशोधकाच्या लेखात ते तळटीपेसह आलं होतं. लेखकाचं नाव, शीर्षक, 1986, पृ. 63, एवढंच तिथे होतं. पदवी कुठली, विद्यापीठ कुठलं, काही नाही. शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, त्यावर मी लेखकाचं नाव टाकलं. तेच नाव, जवळजवळ तेच शीर्षक, पीएच.डी., 1992. मला वाटलं, तळटीपेतलं साल चुकलं असेल. 1992 घातलं, विद्यापीठ घातलं, लिंक घातली आणि पुढे गेले.

सरांनी कच्ची प्रत वाचताना त्या ओळीवर पेन्सिलीने गोल केला. "पान 63 उघडून बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. घरी येऊन बघितलं, तर 63 वर पर्जन्यमानाचा तक्ता. प्रबंध टाइपरायटरवरचा, स्कॅन केलेला, त्यामुळे शब्द टाकून शोधायची सोय नाही. तीन रात्री बसून बाजारकराची दोन्ही प्रकरणं ओळ न् ओळ वाचली. मजकुराचा आशय होता, पण ती वाक्यं कुठेच नव्हती. शेवटी कंटाळून मनोगत वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदात उत्तर सापडलं. लेखकाने लिहिलं होतं की एम.फिल.साठी त्यांनी याच विषयावर दोन तालुक्यांपुरतं काम केलं होतं, आणि हा प्रबंध त्याचाच विस्तार आहे.

म्हणजे एकाच माणसाचे, एकाच विद्यापीठातले, जवळपास एकाच शीर्षकाचे दोन प्रबंध. 1986 चा एम.फिल.चा लघुप्रबंध आणि 1992 चा पीएच.डी.चा प्रबंध. मी पहिल्यातलं अवतरण दुसऱ्याच्या नावावर लावलं होतं. माझ्या आधीच्या दोघांनी काय केलं होतं तेही मग तपासलं. एकाने 1986 लिहून पुढे पीएच.डी. घातलं होतं, दुसऱ्याने 1992 लिहून एम.फिल. ही गफलत यापुढे वाढतच जाणार, कारण 2022 च्या नियमावलीनंतर यूजीसीने एम.फिल. बंद केलं. नवीन मुलांना अशी पदवी होती आणि तिचाही लघुप्रबंध असायचा, हे चटकन लक्षात येत नाही. शोधगंगेवर मुख्यतः पीएच.डी.चेच प्रबंध आहेत, त्यामुळे शोध घेतला की तोच समोर येतो आणि आपण तोच उचलतो.

लघुप्रबंध बघायचा तर त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणं भाग होतं. नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला काउंटरवरून सांगितलं गेलं की बाहेरच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाचं पत्र लागतं. पत्र घेऊन आठ दिवसांनी गेले, तर त्यावर आमच्या विभागप्रमुखांचीही सही हवी होती. हे पहिल्याच खेपेला सांगता आलं असतं. जाऊन-येऊन सहा तासांचा एसटीचा प्रवास आहे. तिसऱ्या खेपेला दोन्ही सह्या होत्या, पण लघुप्रबंधांची खोली ज्यांच्या ताब्यात होती ते रजेवर होते, आणि किल्ली त्यांच्याकडे. मी विचारलं, कधी येतील? "सांगता येत नाही मॅडम, फोन करून या." फोन पुढचे बारा दिवस कोणी उचलला नाही.

चौथ्या खेपेला खोली उघडली. एका वयस्कर शिपाईकाकांनी शिडी लावून वरच्या फळीवरून तो लघुप्रबंध काढून दिला. लाल रेक्झिनची बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं, त्यातलं एक अक्षर निघालेलं. काका म्हणाले, "बघा, हाच का? याला बऱ्याच वर्षांत कोणी हात लावलेला नाही." पान 63 उघडलं. माझी चारही वाक्यं तिथे होती, शब्दाला शब्द. फक्त "वसुली" हा शब्द लेखात "आकारणी" झाला होता. बाजारकरात वसुली आणि आकारणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा मुद्दा त्याच फरकावर होता. तेवढ्यासाठी चार खेपा झाल्या याचं वाईट वाटत नाही. पण त्या एका खेपेत झाल्या असत्या.

तिथेही सालाचा घोळ होताच. कण्यावर 1987, आतल्या मुखपृष्ठावर डिसेंबर 1986, प्रमाणपत्रावरही डिसेंबर 1986. कण्यावरचं साल बहुधा बांधणीच्या वेळी घातलेलं असणार. सूचीत जातं ते आतल्या मुखपृष्ठावरचं साल. फोटो काढायला परवानगी नव्हती, म्हणून मुखपृष्ठ जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं: शीर्षक, उपशीर्षक, "एम.फिल. पदवीच्या अंशतः पूर्ततेसाठी" ही ओळ, विभाग, विद्यापीठाचं नाव, महिना, साल. दाखलांकही घेतला. कोणाला ही प्रत परत शोधायची झाली तर तोच उपयोगी पडेल.

विद्यापीठाच्या नावाचंही यातच कळलं. मुखपृष्ठावर जुनं नाव होतं आणि मी शोधगंगेच्या पानावरून आजचं उचललं होतं. महाराष्ट्रात हे फार होतं. पुणे विद्यापीठ 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार 1994 चा, नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव 2005 मध्ये मिळालं. 1988 च्या प्रबंधापुढे 2014 चं नाव लिहिलं तर त्या साली त्या नावाचं विद्यापीठच नव्हतं. आम्ही ठरवलं की मुखपृष्ठावर जे छापलंय तेच लिहायचं. एकोणीसपैकी सात नोंदी त्यापायी बदलल्या.

सालाच्या बाबतीत माझी दुसरी चूक मोठी होती. शोधगंगेच्या नोंदीत, पूर्ण तपशील उघडला की, तारखा ओळीने दिसतात: `dc.date.registered`, `dc.date.completed`, `dc.date.awarded`, आणि वर कुठेतरी `dc.date.accessioned`. ही शेवटची तारीख प्रबंध साइटवर चढवल्याची. मी सहा नोंदींना तीच लावली होती, म्हणून टाइपरायटरवर लिहिलेले प्रबंध माझ्या सूचीत 2013 चे झाले होते. `completed` आणि मुखपृष्ठ जुळलं तर प्रश्न नाही. नाही जुळलं तर पहिली फाइल, म्हणजे शीर्षकपानाची, उघडून बघायची.

शेवटी त्या दोन नोंदी अशा झाल्या. आमच्या विभागात संदर्भ लिहायच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती चालते, मराठी नोंदींसाठी कंसातले शब्द मराठीत केलेले आहेत:

```
आडनाव, नाव. (1986). शीर्षक [अप्रकाशित
  एम.फिल. लघुप्रबंध]. विद्यापीठ.
आडनाव, नाव. (1992). शीर्षक [पीएच.डी. प्रबंध,
  विद्यापीठ]. शोधगंगा.
  http://hdl.handle.net/10603/क्रमांक
```

विद्यापीठाची जागा बघा. प्रबंध ऑनलाइन संग्रहात असेल तर विद्यापीठ चौकटी कंसाच्या आत जातं, कारण कंसाबाहेर संग्रहाचं नाव येतं. तो फक्त ग्रंथालयाच्या कपाटात असेल तर "अप्रकाशित" हा शब्द येतो आणि विद्यापीठ कंसाबाहेर. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळीकडे विद्यापीठ बाहेरच ठेवलं होतं आणि सरांनी तेही खोडलं.

लिंकबद्दल राहिलंच. सुरुवातीला मी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलायचे. त्यात दोन तोटे झाले. पीडीएफ उघडलेली असताना उचललेला पत्ता `bitstream` असलेला असतो आणि तो एकाच प्रकरणाच्या फाइलकडे जातो. पूर्ण प्रबंध, लेखक, विद्यापीठ यातलं काहीच वाचणाऱ्याला दिसत नाही. आणि जुन्या प्रबंधांच्या सूचीतून मी जे पत्ते उतरवले होते, त्यात मध्येच `8080/jspui` असं काहीतरी होतं, ते उघडेनात. पण त्या पत्त्यांतही `10603/` आणि पुढचा आकडा शाबूत होता. तोच आकडा `hdl.handle.net` पुढे लावला की नोंद उघडली. म्हणून नोंदीच्या पानावर "URI" समोर जो पत्ता दिलेला असतो तोच घ्यावा. सबमिशनच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवर, लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघितली. दोन ठिकाणी आकड्यातला एक अंक गळला होता.

झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एवढं करावं: नोंदीचा प्रकार Thesis ठेवावा आणि Type या रकान्यात सगळीकडे एकच शब्द लिहावा. तो रकाना मोकळा असतो, आपण जे टाइप करू तेच सूचीत छापलं जातं. माझ्याकडे "Ph.D.", "PhD thesis", "पीएच.डी." आणि "Doctoral" असं चार तऱ्हांनी पडलं होतं. अमेरिकन नमुन्यात पीएच.डी.ला डिझर्टेशन आणि मास्टर्सला थिसिस म्हणतात, आपल्याकडे बहुतेक उलट. त्यामुळे नमुन्यातला इंग्रजी शब्द आंधळेपणाने उचलला की एम.ए.चं काम पीएच.डी.चं वाटतं.

पदवीचं नाव नेमकं लिहायचं म्हणजे काय, हे सरांनी बाबासाहेबांच्या उदाहरणाने समजावलं. "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हा 1923 चा प्रबंध डी.एस्सी.साठी होता. बाबासाहेब शिकले लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, पण पदवी लंडन विद्यापीठाची. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध कोलंबियाच्या पीएच.डी.चा. तो 1925 मध्ये पुस्तक म्हणून निघाला आणि पदवी 1927 मध्ये मिळाली. हातात छापील पुस्तक असेल तर पुस्तकाची नोंद करायची, 1925 आणि प्रकाशक. प्रबंधाची करायची नाही. माझ्या सूचीत अशा दोन नोंदी होत्या, त्या प्रबंधांतून काढून पुस्तकांत टाकल्या. विभागात सतरा प्रबंध उरले, लघुप्रबंधाची वेगळी नोंद झाली म्हणून अठरा.

शेवटच्या प्रतीवर सरांनी ती दोन ओळींची जोडी बघितली, 1986 वर, 1992 खाली, आणि काही न बोलता पुढचं पान उलटलं.