श्वाननिद्रा

रात्री साडेअकराला झाकण मिटलं तेव्हा बॅटरी ९६ टक्के होती. सकाळी साडेसातला उघडलं तर ६३. मध्ये आठ तास लॅपटॉप पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि मी व बाबा आपापल्या खोलीत. पिशवीत हात घातला तर आतलं अस्तर कोमट लागलं. ताज्या पोळीच्या डब्यासारखं नाही, पण कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या गादीसारखं.

बाबा म्हणाले, "बंद होता ना? मग खाल्ली कुणी?"

प्रश्न बिनतोड होता. दूधवाल्याच्या हिशेबात अर्धा लिटर जास्त लागलं तरी आमच्या घरी चौकशी बसते. इथे तर एका रात्रीत एक तृतीयांश गायब. पहिली रात्र मी योगायोगावर ढकलली. तिसऱ्या रात्रीनंतर वहीत आकडे लिहायला लागले.

हिशेब फार अवघड नाही. माझी बॅटरी नवीन असताना ५४ वॉट-अवरची होती, आता पूर्ण भरली तरी ४८च धरते. तिचे ३३ टक्के म्हणजे जवळपास १६ वॉट-अवर. साध्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण पंधरा मावतात. म्हणजे माझा मिटलेला लॅपटॉप रोज रात्री एक अख्खा मोबाइल रिकामा करत होता. आठ तासांत सोळा, म्हणजे सतत दोन वॉट. पडदा बंद, पंखा बंद, कळफलकावर बोट नाही, आणि तरी दोन वॉट.

भाचा एका कचेरीत लोकांचे बिघडलेले संगणक बघण्याचं काम करतो. त्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, तो झोपत नाही गं. नुसता पडून असतो."

मग त्यानं विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ टाइप करायला लावली:

```
powercfg /a
```

यंत्राला कोणकोणत्या प्रकारे झोपता येतं याची यादी समोर आली. माझ्याकडे पहिली ओळ होती `Standby (S0 Low Power Idle) Network Connected`. खाली, उपलब्ध नसलेल्यांमध्ये, `Standby (S3)`.

फरक सगळा या दोन ओळींत आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटलं की एस-थ्री लागायची. तिच्यात प्रोसेसर बंद, डिस्क बंद, फक्त रॅमला जिवंत ठेवण्यापुरती वीज. उघडलं की जिथं होतो तिथं. नव्या लॅपटॉपना मोबाइलसारखं व्हायचं आहे. झाकण उघडताच डोळे उघडायचे, आणि मिटलेलं असतानाही मेल आली का हे अधूनमधून बघायचं. म्हणून तिथं विंडोज पूर्णपणे थांबतच नाही. पडदा काळा करते, कामं आवरती घेते, आणि एक कान उघडा ठेवून पडते.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर रंगवलं होतं: काकचेष्टा बकोध्यानं श्वाननिद्रा तथैव च. आदर्श विद्यार्थ्याची झोप कुत्र्यासारखी हवी, खुट्ट झालं की जाग. आमचे बाबा या बाबतीत आजही आदर्श विद्यार्थी आहेत. मी मध्यरात्री पाणी प्यायला उठले तरी आतून "कोण?" येतंच. लॅपटॉपनंही ते लक्षण तंतोतंत उचललं आहे. पण त्याच श्लोकात पुढे 'अल्पाहारी' असंही लिहिलं होतं, ते मात्र यानं वाचलेलं दिसत नाही.

खरं तर कुत्र्याची झोपसुद्धा काटकसरीची असू शकते. सगळे सुटे भाग नीट निजले तर नव्या पद्धतीतही रात्रभरात चार-सहा टक्क्यांवर भागतं. मग तेहतीस कशानं?

त्याचं उत्तर दुसऱ्या ओळीत होतं. ही मात्र अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी लागते:

```
powercfg /sleepstudy
```

यातून एक फाइल तयार होते, ती ब्राउजरमध्ये उघडायची. गेल्या तीन दिवसांत यंत्र कधी आडवं झालं, किती वेळ, तेवढ्यात बॅटरी किती उतरली, आणि त्यातला किती वेळ हार्डवेअर खरोखर गाढ झोपेत होतं, सगळं मांडलेलं असतं. त्या रात्रीच्या ओळीत आठ तास आणि गाढ झोप शून्य टक्के. पुढे कुणी जागवलं त्यांची नावं, कोण किती वेळ जागं होतं त्यासकट. सगळ्यात वर वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या वतीनं वाय-फायचा भाग चालवणारा प्रोग्रॅम, जवळजवळ पूर्ण वेळ. घरात एकाचा दिवा चालू राहिला की बाकीच्यांना झोप लागत नाही, तसं. एक भाग जागा राहिला की अख्खी चिप खालच्या पायरीवर उतरू शकत नाही.

"रीस्टार्ट कधी केला होतास?" भाच्यानं विचारलं.

मी जरा दुखावलेच. "अरे, दर शनिवारी रात्री बंद करते मी. चांगला शट डाउन."

"टास्क मॅनेजर उघड. परफॉर्मन्स, सीपीयू. खाली `Up time` काय आहे?"

`23:04:17:52`. तेवीस दिवस, चार तास, सतरा मिनिटं, बावन्न सेकंद. मी बघत असताना त्रेपन्न झाले. तीन शनिवार मी ज्याला निरोप देत होते तो गेलेलाच नव्हता.

ही फास्ट स्टार्टअपची करामत. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ती आली, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये न विचारताच चालू असते. आपण शट डाउन म्हटलं की आपली उघडी कामं खरोखर बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवर उतरवून ठेवले जातात. सकाळी ते नव्याने उभे करायचे नाहीत, नुसते उचलून रॅममध्ये ठेवायचे. सकाळच्या डब्याची भाजी रात्रीच चिरून फ्रिजमध्ये ठेवावी, तसंच. वेळ वाचतो, यात वाद नाही. फक्त रात्री डब्यात एक किडका बटाटा गेला असेल तर सकाळी तोही तसाच हातात येतो. माझा बिनसलेला वाय-फाय ड्रायव्हर असा तेवीस दिवस फ्रिजमधून आत-बाहेर करत होता. ताजी भाजी फक्त `Restart` म्हटल्यावर चिरली जाते, कारण तिथं फास्ट स्टार्टअप लागू होत नाही. नाव 'पुन्हा सुरू' आणि खरं बंद करणारं तेच, हा नावं ठेवणाऱ्यांचा गोंधळ आहे, माझा नाही.

आता इथं मी एक चूक केली ती सांगितली पाहिजे, कारण ही चूक पुष्कळजण हौसेनं करतात. फास्ट स्टार्टअपवर माझा राग इतका अनावर झाला की भाच्याला न विचारता, कुठंतरी वाचलेलं `powercfg /hibernate off` चालवून मोकळी झाले. फास्ट स्टार्टअप गेलं. त्याच्याबरोबर हायबरनेटही गेलं, कारण दोघांचा संसार `hiberfil.sys` या एकाच फाइलवर चालतो. आणि हायबरनेट हाच तर माझ्या आजारावरचा उपाय होता. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून यंत्र खरोखर बंद होतं, उघडी कामं शाबूत राहतात आणि वीज लागत नाही. ते काढून टाकल्यावर बॅटरी झोपेतच तळाला गेली असती तर जतन न केलेलं लिखाणही तिच्याबरोबर गेलं असतं. डास मारायला गेले आणि मच्छरदाणीच जाळून आले.

भाच्यानं तोंडातून शब्द काढला नाही. त्याचं हे मला आवडतं. `powercfg /hibernate on` करून घेतलं आणि फास्ट स्टार्टअप वेगळं, त्याच्या जागी जाऊन बंद करायला लावलं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटण काय करतं ते ठरवायचं पान, वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केल्याशिवाय खालच्या चौकटी हलत नाहीत, मग `Turn on fast startup` समोरची खूण काढायची.

जुनी एस-थ्री परत आणता येईल का, हेही विचारून पाहिलं. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून काहीजण तसं करतात म्हणे. "तुझ्या यंत्राच्या फर्मवेअरमध्येच ती नाही," तो म्हणाला. "आहे ती श्वाननिद्राही जाईल आणि हाती काही येणार नाही." तो विषय तिथंच मिटला.

मग चार रात्री वहीत नोंदी केल्या, प्रत्येक वेळी ९६ टक्क्यांपासून. पहिली, काहीही न करता झाकण मिटून: सकाळी ६३. दुसरी, संध्याकाळी रीस्टार्ट करून मग झाकण मिटून: ९०. तिसरी, मुद्दाम फास्ट स्टार्टअप परत चालू करून शट डाउन: ९५. चौथी, हायबरनेट: ९५. म्हणजे बंद असताना वीज फास्ट स्टार्टअप खात नव्हतंच. खाणारा ड्रायव्हर होता, फास्ट स्टार्टअपनं त्याला फक्त आसरा दिला. काही लॅपटॉपमध्ये बंद असतानाही यूएसबीतून मोबाइल चार्ज करायची सोय असते. तिथं शट डाउन करूनही टक्के उतरत असतील तर बायोसमधली ती सोय आधी तपासायची. माझ्याकडे ती भानगड नव्हती.

शेवटी तडजोड केली. दिवसा स्वयंपाकघरात फोडणी द्यायला उठावं लागतं, तेव्हा झाकण मिटून दहा मिनिटांत परत उघडायला श्वाननिद्राच बरी. पण चार्जर नसताना तासभर कुणी हात लावला नाही, तर हायबरनेट:

```
powercfg /change hibernate-timeout-dc 60
```

साठ म्हणजे मिनिटं. परवा रात्री झाकण मिटताना ९४ होते, सकाळी ९३.

एक नवीन गैरसोय आहे. सकाळी नुसतं झाकण उघडून भागत नाही, पॉवर बटण दाबून पंधरा-वीस सेकंद थांबावं लागतं. परवा बाबांनी पंचांग बघायला झाकण उघडलं, पडदा काळा. दोन-चार कळा दाबल्या, काही नाही. मी आत चहा गाळत होते.

"अगं, हे गेलं की काय?"

"नाही बाबा, झोपलंय."

"इतकं?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क असूया होती.