माघातली दशमी

सोमवार, रात्री

आबाजी झोपले. आता लिहिते.

आबाजींनी समुद्र पाहिलेला नाही. संत्र्याचा बगीचा, मोर्शीचा बाजार आणि वर्षातून एकदा पंढरपूर, एवढंच त्यांचं फिरणं. दिवाळीत मला म्हणाले, "अप्पर वर्धा धरण पाह्यलं मी. त्याचा पल्याडचा काठ दिसते. समुद्राले म्हन्तात पल्याडचा काठच नसते. खरं हाय का माय?" मी हो म्हटलं आणि त्याच रात्री कल्याणच्या आत्याला फोन केला: आबाजींना मुंबईला नेऊन समुद्र दाखवायचा. आईलाही सांगितलंय. आबाजींना मात्र शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, नाहीतर "खर्च कायले करता" म्हणून नकारच येईल.

आधी मी माघी पौर्णिमा धरली होती. भूगोलाच्या सरांनी ती मोडली. मुंबईच्या भरतीचा त्यांनी सांगितलेला अंदाज असा: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येतील तेवढे वाजता भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे आमची गाडी सकाळी पोचेल तेव्हा पाणी पार मागे गेलेलं असणार आणि आबाजींना दिसणार ओला चिखल. दशमीला येतात साडेसात. एकादशीला सव्वाआठ, तेही चाललं असतं, पण आबाजींचा उपास असतो आणि आत्याच्या हातचं जेवण राहून जाईल. दशमीच ठरली.

अष्टमीच्या आसपासच्या भरतीला कोकणात भांगाची भरती म्हणतात. पाणी फार चढत नाही, फार मागेही जात नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हेच बरं. मरीन ड्राइव्हला काठावर सिमेंटचे ठोकळे आहेत, पाण्याला पाय लागत नाहीत. म्हणून सीएसएमटीवरून टॅक्सीनं थेट गिरगाव चौपाटी. त्यांचे पाय भिजलेच पाहिजेत.

गाडी अमरावतीहून घ्यायची, बडनेऱ्याहून नाही. अमरावती एक्स्प्रेस तिथूनच सुटते, त्यामुळे डबा आधीपासून उभा असतो आणि आबाजींना सावकाश चढता येईल. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एकट्या ज्येष्ठाला मिळतो, तिकिटावर माझं नाव जोडलं की जातो. म्हणून आज आत्यानं दोन वेगळी तिकिटं काढली. आबाजींना खालचा बर्थ मिळाला! मला त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला वरचा. रात्री अधूनमधून उठून त्यांच्याकडे जाईन.

मोर्शी ते अमरावती एसटी त्यांना फुकट आहे, पंच्याहत्तरीच्या वर सगळ्यांनाच. फक्त आधार कार्ड दाखवावं लागतं. ते बाबांच्या पेटीत आहे आणि बाबांना अजून काही माहीत नाही. उद्या आई त्यांच्याशी बोलणार आहे.

आबाजींना "आत्याकडे जाऊ" एवढंच सांगेन. तेवढं तर खरंच आहे.